सुगंधी मेणबत्तीची काच काळी का होते? वात, वेळ आणि धूर समजून घ्या

दिवाळीच्या गिफ्ट बॉक्समधून आलेली किंवा ऑनलाइन मागवलेली काचेच्या ग्लासातली सुगंधी मेणबत्ती आता बऱ्याच घरांत असते. पहिले दोन दिवस ती छान जळते. मग एक दिवस लक्षात येतं, की ग्लासाच्या वरच्या कडेला काळा पट्टा आलाय. आणखी काही दिवसांनी मागच्या पांढऱ्या भिंतीवर करडी सावली दिसते. वासही पहिल्यासारखा येत नाही, उलट डोकं जड झाल्यासारखं वाटतं.

मग आपण सोशल मीडियावर शोधतो आणि दोन टोकं सापडतात. कुणी सांगतं, पॅराफिन म्हणजे विष, घरातल्या सगळ्या मेणबत्त्या फेकून द्या. कुणी सांगतं, 'नॅचरल' लिहिलेली घ्या, मग काहीच होत नाही. दोन्ही अर्धवट खरं आहे. काजळी, धूर आणि डोकेदुखी यांतला बराचसा भाग मेण कोणतं आहे यापेक्षा मेणबत्ती कशी जळते आहे यावर ठरतो. आणि ती कशी जळणार, हे मुख्यतः वातीची लांबी, वारा आणि वेळ यांवर ठरतं.

काजळी येते कुठून?

मेणबत्तीत वात जळते असं आपण म्हणतो, पण खरं इंधन मेण असतं. ज्योतीच्या उष्णतेने मेण वितळतं, वातीतून वर चढतं, वातीच्या टोकाशी त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. फुंकर मारल्यावर जो पांढरा धूर निघतो, ती बरीचशी न जळलेल्या मेणाचीच वाफ असते. त्या धुराच्या रेषेत वरून पेटती काडी धरली, तर ज्योत धुरावरून खाली उतरून वातीला पुन्हा पकडते.

ही वाफ ज्योतीत शिरली की आधी तिचे तुकडे होतात आणि कार्बनचे अतिशय बारीक कण तयार होतात. हे कण तापून चमकतात, म्हणूनच ज्योत पिवळी दिसते. म्हणजे काजळी प्रत्येक मेणबत्तीच्या ज्योतीत तयार होतेच. मेणबत्ती नीट जळत असेल, तर ज्योतीच्या वरच्या टोकाशी पुरेसा ऑक्सिजन आणि उष्णता मिळून हे कण जळून जातात. गणित बिघडलं, की ते न जळता बाहेर पडतात आणि काचेवर, भिंतीवर, पंख्याच्या पात्यांवर आणि आपल्या श्वासात जातात.

हे आपल्याकडे नवीन नाही. घरी काजळ धरताना दिव्याच्या ज्योतीवर तांब्याची किंवा चांदीची वाटी पालथी धरतात. वाटी ज्योतीला थंड करते, कण जळायच्या आत वाटीला चिकटतात आणि काजळ मिळतं. दिवा तोच, तेल तेच, फक्त कणांना जळून जायची संधी दिलेली नसते.

म्हणूनच 'मेणबत्तीच्या ज्योतीत चमचा धरा, काळा झाला तर मेण विषारी' ही चाचणी फसवी आहे. ज्योतीत थंड चमचा धरला तर महागड्या मेणबत्तीनेही तो काळा होणार, तुपाच्या निरांजनानेही होणार. खरं पाहायचं असेल तर स्वच्छ स्टीलचा चमचा किंवा छोटी ताटली ज्योतीच्या टोकापासून साधारण वीतभर वर अर्धा मिनिट धरा. भांडं गरम होईल, म्हणून हाताला फडकं घ्या. तिथे काळा डाग आला, तर काजळी ज्योतीतून सुटून बाहेर पडते आहे. डाग आला नाही, तर त्या वेळी तरी मेणबत्ती नीट जळते आहे.

वात कापायची म्हणजे किती आणि कधी?

समईची काजळी झाडायची आणि वात सारायची सवय अनेक घरांत आहे. सुगंधी मेणबत्तीलाही तेच लागतं, फक्त इथे वात मागे सारता येत नाही, कापावी लागते.

लांब वात म्हणजे जास्त मेण वर चढणार, जास्त वाफ होणार आणि ज्योत मोठी होणार. पण ज्योतीच्या आत पोहोचणारी हवा त्याच प्रमाणात वाढत नाही. त्यामुळे ज्योतीचं टोक नाचायला लागतं आणि त्यातून काळी रेघ निघते. वातीच्या टोकावर कार्बनचा गोळाही जमतो, अळंबीसारखा. हे काळं बोंड तसंच ठेवून पुन्हा मेणबत्ती लावली, तर पहिल्या मिनिटापासून काजळी सुरू होते. ते तुटून मेणात पडलं, तर कधीकधी तेही दुसऱ्या वातीसारखं पेटतं.

म्हणून प्रत्येक वेळी लावण्याआधी वात साधारण 6 मिलिमीटर ठेवा, म्हणजे पाव इंच. मोजपट्टी नसेल तर आगपेटीच्या काडीचा गूल वातीशेजारी धरा आणि त्यापेक्षा थोडी जास्त लांबी ठेवा. मेणबत्ती पूर्ण गार आणि मेण घट्ट झाल्यावरच कापा. नेलकटर यासाठी चांगलं चालतं. ग्लास खोल असेल तर लांब पात्याची कात्री घ्या किंवा ग्लास आडवा करून कापा, म्हणजे तुकडा मेणात न पडता बाहेर येतो. मेणात पडलेले वातीचे आणि काडीचे तुकडे काढूनच टाका.

फार आखूड कापणंही चुकीचं. वात 3 मिलिमीटरपेक्षा कमी राहिली, की वितळलेल्या मेणात बुडून ज्योत बारीक होते किंवा विझते. तसं झालं तर मेणबत्ती विझवा, वितळलेलं थोडं मेण टिश्यू पेपरने टिपून घ्या आणि गार झाल्यावर पुन्हा लावा. वात थोडी वर येते. लाकडी वात असेल तर ती साधारण 3 मिलिमीटर ठेवतात आणि वरचा जळका भाग बोटांनी मोडून काढला तरी चालतो.

पंखा हा सगळ्यात मोठा शत्रू

आपल्याकडे एक अडचण कायमची आहे. मेणबत्ती लावली तरी डोक्यावर पंखा फिरत असतो. वाऱ्याने ज्योत एका बाजूला झुकते, थंड होते आणि कण जळायच्या आत सुटतात. वात अगदी बरोबर कापलेली असली तरी पंख्याखाली काच काळी होणारच, तीही बहुतेक वेळा एकाच बाजूने. काळा डाग एकाच बाजूला असेल, तर मेणाला दोष देण्याआधी वारा कुठून येतो ते पाहा. पट्टा चारही बाजूंनी सारखा असेल, तर वात लांब असण्याची शक्यता जास्त.

एसीचा झोत थेट ज्योतीवर येत असेल तरी हेच होतं. त्याशिवाय एसी लावला म्हणजे दारं-खिडक्या बंद असतात, त्यामुळे जे काही बाहेर पडतं ते खोलीतच राहतं.

मधला मार्ग असा: मेणबत्ती जळताना पंखा बंद ठेवा, खिडकी थोडी उघडी ठेवा, पण मेणबत्ती खिडकीच्या सरळ झोतात ठेवू नका. ज्योत उभी आणि शांत राहील अशी जागा शोधा. मेणबत्ती विझवल्यावर पंखा लावून दहा-पंधरा मिनिटं खोली मोकळी होऊ द्या.

एका वेळी किती वेळ जाळायची?

याला खालची आणि वरची अशा दोन मर्यादा आहेत.

खालची मर्यादा पहिल्या वेळी महत्त्वाची असते. नवी मेणबत्ती पहिल्यांदा लावल्यावर वरचं मेण काचेच्या कडेपर्यंत सगळीकडे वितळेपर्यंत विझवू नये. नाहीतर पुढच्या वेळी फक्त मधलाच भाग वितळतो, वात खड्ड्यात जाते आणि कडेचं मेण तसंच राहतं. खड्ड्यातल्या ज्योतीला हवा कमी मिळते आणि काजळी वाढते. ढोबळ हिशेब असा, की ग्लासाच्या रुंदीच्या दर इंचाला एक तास.

वरची मर्यादा आहे चार तासांची. त्यानंतर वातीवर कार्बन साठलेला असतो, मेण खोलवर वितळून जास्त गरम झालेलं असतं आणि वात नुकती कापलेली असल्यासारखी वागत नाही. ज्योत हळूहळू मोठी होते, पण आपण खोलीतच असल्याने तो बदल लक्षात येत नाही. चार तासांनी विझवा, किमान दोन तास गार होऊ द्या, वात कापा आणि मगच पुन्हा लावा.

एक उदाहरण घेऊ. समजा, तुमच्याकडे 200 ग्रॅम मेण असलेला, साडेसात सेंटिमीटर म्हणजे 3 इंच रुंदीचा ग्लास आहे. पहिल्या दिवशी तो साधारण 3 तास जाळावा लागेल. अशी मेणबत्ती नीट जळत असेल तर तासाला 6 ग्रॅमच्या आसपास मेण जातं. या हिशेबाने 200 ग्रॅम मेण 33 तास पुरायला हवं. पण तळाशी अर्धा इंच मेण उरलं की थांबायचं असतं, आणि या रुंदीच्या ग्लासात तेवढं मेण 45 ते 50 ग्रॅम भरतं. म्हणजे वापरायला मिळतं सुमारे 150 ग्रॅम आणि खरे तास होतात 25.

आता वात कधीच कापली नाही आणि मेण तासाला 9 ग्रॅम जायला लागलं, तर तेच 150 ग्रॅम 17 तासांत संपेल. मेणबत्ती लवकर संपेल आणि मधल्या काळात काजळीही जास्त खावी लागेल. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा असेल तर हे घरी तपासता येतं. गार मेणबत्तीचं वजन करा, दोन तास जाळा, गार झाल्यावर पुन्हा वजन करा आणि फरकाला दोनने भागा. दर वेळी हा आकडा वाढत जात असेल, तर वात लांब होते आहे असं समजा.

तळाचं अर्धा इंच मेण सोडून द्यायचं कारण बचतीचं नाही, सुरक्षेचं आहे. मेण कमी राहिलं की ज्योतीची उष्णता थेट काचेच्या तळाला लागते. काच तडकू शकते, आणि तडकली तर गरम मेण लाकडी टेबलावर किंवा टेबलक्लॉथवर पसरतं. ग्लासाखाली नेहमी स्टीलची ताटली किंवा टाइलचा तुकडा ठेवा. काचेला आधीच बारीक तडा असेल तर ती मेणबत्ती लावूच नका.

पॅराफिनचा धूर खरंच विषारी असतो का?

पॅराफिन हे कच्च्या तेलाच्या शुद्धीकरणातून मिळणारं मेण. चांगलं शुद्ध केलेलं पॅराफिन पूर्ण जळलं तर त्यातून मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ निघते. अर्धवट जळलं तर काजळीबरोबर थोडा कार्बन मोनॉक्साइड, फॉर्मल्डिहाइड आणि बेंझीन, टोल्युईनसारखे वायूही निघतात. फॉर्मल्डिहाइड आणि बेंझीन हे दोन्ही कर्करोगकारक म्हणून मान्य झालेले पदार्थ आहेत. पण ते किती प्रमाणात निघतात आणि आपण ते किती वेळ श्वासात घेतो, यावर धोका ठरतो.

2009 साली अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी पॅराफिनच्या मेणबत्त्यांतून टोल्युईनसारखे पदार्थ निघतात, सोयाच्या मेणबत्त्यांतून ते आढळले नाहीत, असं एका परिषदेत मांडलं. 'पॅराफिन म्हणजे विष' या अनेक पोस्टचं मूळ तिथे आहे. पण कधीतरी एखादी मेणबत्ती लावल्याने त्रास होण्याची शक्यता नाही, चिंता आहे ती बंद खोलीत वर्षानुवर्षं रोज लावण्याची, असं त्याच संशोधकांचं म्हणणं होतं. पुढे 2014 साली युरोपातल्या सुगंधी मेणबत्त्यांवर प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेहमीच्या वापरात वायूंचं प्रमाण घरातल्या हवेच्या मान्य मर्यादांच्या आत आढळलं. मात्र तो अभ्यास उद्योगाशी जोडलेला होता, हेही लक्षात ठेवायला हवं.

सोयाबीनचं मेण किंवा मधमाशीचं मेण वापरलं म्हणून काजळी आपोआप थांबत नाही. वात लांब आणि वारा जोरात असेल तर तीही काळी जळतात. शिवाय 'सोया' लिहिलेल्या मेणबत्तीत पॅराफिन मिसळलेलं असू शकतं. लेबलवर फक्त 'सोया ब्लेंड' असेल, तर टक्केवारी विचारा.

हलकं पॅराफिन कसं ओळखायचं?

पॅराफिनची प्रत मुख्यतः त्यात किती तेल उरलं आहे यावर ठरते. पूर्ण शुद्ध पॅराफिनमध्ये हे तेल साधारण अर्ध्या टक्क्याच्या आत असतं. अर्धवट शुद्ध केलेल्या मेणात ते दीड टक्क्यापर्यंत जातं आणि त्याहून हलक्या, स्वस्त मेणात आणखी जास्त असतं. हे तेल नीट जळत नाही, धूर करतं आणि त्याला रॉकेलसारखा वास असतो. तो वास झाकायला सुगंधी तेल जास्त ओतलं, तर वात तेलाने चोंदते आणि काजळी आणखी वाढते.

घरी या गोष्टी पाहता येतात:

- न पेटवलेल्या मेणबत्तीला सुगंधाच्या मागे रॉकेल किंवा डिझेलसारखा वास येतो का.
- मेणाचा तुकडा पांढऱ्या कागदावर रात्रभर ठेवला तर तेलकट डाग पसरतो का. सुगंधी तेलाचाही थोडा डाग पडतो, पण मोठा, पसरणारा डाग संशयास्पद.
- मेणाच्या पृष्ठभागावर तेलाचे थेंब सुटलेले दिसतात का.
- वात 6 मिलिमीटर कापून, पंखा बंद ठेवूनही दहा मिनिटांत काळा धूर दिसतो का.

यातली शेवटची चाचणी सगळ्यात उपयोगी. वात आणि वारा दोन्ही ठीक असूनही मेणबत्ती धूर करत असेल, तर दोष तुमच्याकडे नाही. मेण, सुगंधाचं प्रमाण किंवा वातीची जाडी चुकलेली आहे. अशी मेणबत्ती 'संपवून टाकू' म्हणून जाळत बसू नका.

वातीच्या आत धातूची तार असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. पूर्वी काही वातींत शिशाची तार असायची आणि ती जळताना शिसं हवेत जायचं. अमेरिकेने 2003 साली अशा वातींवर बंदी घातली. गार वातीची तार उघडी करून पांढऱ्या कागदावर घासा. पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटली तर ती शिशाची असू शकते, मेणबत्ती वापरू नका. जस्ताच्या किंवा कथलाच्या तारेने अशी रेघ उमटत नाही.

कुणी जास्त जपायचं?

घरात दमा असलेली व्यक्ती, तान्हं बाळ किंवा श्वासाचा त्रास असलेले आजी-आजोबा असतील, तर त्यांच्या झोपायच्या खोलीत सुगंधी मेणबत्ती लावू नये. काजळी अजिबात नसली तरी तीव्र सुगंधानेही दमा उसळू शकतो. डोळे चुरचुरणं, घशात खवखव, खोकला किंवा डोकेदुखी सुरू झाली तर मेणबत्ती विझवा, खिडक्या उघडा आणि खोलीबाहेर जा. बाहेर गेल्यावर बरं वाटतं आणि त्याच मेणबत्तीने पुन्हा तोच त्रास होतो, तर ती तुमच्यासाठी नाही, मग ती कितीही महाग असो. त्याच खोलीत अगरबत्ती आणि धूपही रोज लागत असेल तर त्यांचाही धूर यात मिळवा.

विझवताना

फुंकर मारली की मेणाची वाफ खोलीभर पसरते आणि कधी गरम मेण उडतं. ग्लासाला धातूचं किंवा काचेचं झाकण असेल तर ते ठेवून विझवा. नाहीतर स्टीलच्या चमच्याच्या दांड्याने वात वितळलेल्या मेणात क्षणभर बुडवा आणि लगेच सरळ उभी करा. धूर जवळपास येत नाही आणि वातीला मेण लागल्याने पुढच्या वेळी ती सहज पेटते.

पेटत्या मेणबत्तीवर पाणी कधीही ओतू नका. गरम मेणात पडलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि पेटतं मेण बाहेर उडतं. ज्योत अचानक मोठी झाली तर ग्लासावर धातूचं झाकण किंवा ताटली ठेवा. पडदे, कपडे, पुस्तकं मेणबत्तीपासून किमान फूटभर लांब हवीत. आणि झोप येत असेल तर 'अजून पाच मिनिटं' म्हणण्याआधी मेणबत्ती विझवा.

आज घरातली मेणबत्ती लावण्याआधी एवढंच करून पाहा: ग्लासाची कड ओल्या टिश्यूने स्वच्छ पुसा, वात 6 मिलिमीटर कापा, पंखा बंद करा आणि दोन तास जाळा. नंतर ग्लास गार झाल्यावर कड पांढऱ्या टिश्यूने पुन्हा पुसा. टिश्यू स्वच्छ राहिला तर मेणबत्ती ठीक आहे, सवय बदलायची होती. टिश्यू काळा झाला तर मेणबत्ती बदलायची आहे.